मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा

1927 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख छापून आला. साथीच्या रोगांचे गणित हा त्याचा विषय. लेखात समीकरणांची पानेच्या पाने आहेत आणि मध्येच एक आलेख. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर त्या त्या आठवड्यातले मृत्यू. टिंबे हळूहळू चढतात, एका उंचीवर पोचतात आणि जवळजवळ तशाच उताराने खाली येतात. टिंबांमधून एक गुळगुळीत रेषा ओढलेली आहे आणि ती थक्क व्हावे इतकी नेमकी जुळते. ही टिंबे मुंबईची. 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळात मुंबई बेटावर प्लेगने, म्हणजे गाठीच्या तापाने, दर आठवड्याला जी माणसे गेली त्यांची ही मोजणी.

आज साथींच्या अभ्यासाचे कुठलेही पुस्तक उघडले की ‘एसआयआर’ ही प्रतिकृती पहिल्या काही पानांतच भेटते. तिचा जन्म याच लेखातला आणि तिची पहिली कसोटी लागली ती मुंबईच्या मृतांवर. म्हणून ती समजून घ्यायची तर याच आलेखापासून सुरुवात करावी असे मला वाटते. या आलेखात प्रतिकृतीची ताकद दिसते आणि तिचा धोकाही त्याच रेषेत दडलेला आहे.

लेखक दोघे. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात त्यांना गणिताची गोडी लागली आणि पुढे ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले. हिंदुस्थानातून परतल्यावर एडिंबरा इथल्या प्रयोगशाळेत त्यांना विल्यम कर्मॅक हे तरुण रसायनशास्त्रज्ञ भेटले. 1924 मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात कर्मॅक यांची दृष्टी कायमची गेली होती. त्यानंतर तीन वर्षांनी हा लेख आला. त्यातला आलेख त्याच्या एका लेखकाला कधी पाहताच आला नाही, हे तो आलेख पाहताना दर वेळी माझ्या मनात येते.

त्यांची मूळ कल्पना कुणालाही समजेल अशी आहे. गावातल्या सगळ्या माणसांचे तीन कप्पे करायचे. पहिल्या कप्प्यात ज्यांना अजून लागण व्हायची आहे आणि होऊ शकते अशी माणसे. दुसऱ्यात सध्या आजारी असलेली आणि इतरांना रोग देणारी. तिसऱ्यात बरी होऊन प्रतिकारशक्ती आलेली किंवा मरण पावलेली, म्हणजे साथीच्या हिशेबातून बाहेर पडलेली. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या कप्प्यांना S, I आणि R म्हणतात. माणूस पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यातच जातो, उलटा प्रवास नाही. मग दोनच प्रश्न उरतात: पहिल्यातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने येतात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने जातात?

एक दहा हजार वस्तीचे गाव घेऊ. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी निवडले आहेत. समजा आजार सरासरी पाच दिवस टिकतो. म्हणजे रोज आजाऱ्यांपैकी एक पंचमांश, 0.2 इतका भाग, तिसऱ्या कप्प्यात जातो. या दराला गॅमा म्हणतात. समजा एक आजारी माणूस दिवसाला सरासरी अर्ध्या माणसाला, म्हणजे दोन दिवसांत एकाला, लागण होईल इतक्या निकट येतो. हा दर बीटा, 0.5. पण समोर आलेला प्रत्येक जण पहिल्या कप्प्यातलाच असेल असे नाही. म्हणून पहिल्या कप्प्यात गावाचा जेवढा हिस्सा उरला आहे त्याने बीटाला गुणायचे:

```
रोजची नवी लागण = β × I × (S / N)
रोज बाहेर पडणारे = γ × I
```

इथे N म्हणजे गावाची एकूण वस्ती. सारी प्रतिकृती या दोन ओळींत आहे.

पहिल्या दिवशी दहा जण आजारी आहेत. नवी लागण 0.5 गुणिले 10 गुणिले 0.999, म्हणजे पाचाला अगदी किंचित कमी. बाहेर पडणारे दोन. दुसऱ्या दिवशी आजारी तेरा. मग साडेसहा नवे, 2.6 बाहेर, शिल्लक सुमारे 17. पुढच्या दिवशी 22. सुरुवातीला रोज तीस टक्क्यांनी वाढ होते आहे आणि हे तीस टक्के म्हणजे बीटातून गॅमा वजा केल्यावर उरलेले 0.3. अर्धा माणूस, 2.6 माणसे हे ऐकायला विचित्र वाटेल, पण इथे आपण सरासरीशी बोलतो आहोत. आजारी मोजकेच असतात तेव्हा मात्र ही सरासरी फसवते. खऱ्या गावात ते दहाच्या दहा जण कुणालाही रोग न देता बरे होऊ शकतात आणि साथ सुरूच होत नाही. आजाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली की असल्या योगायोगाचे वजन कमी होते.

आता काही दिवस पुढे जाऊ. पहिल्या कप्प्यात सात हजार माणसे उरली आहेत. बीटा 0.5 च आहे, पण समोर येणाऱ्यांपैकी दहातले सातच लागण होण्याजोगे आहेत. एका आजाऱ्यामागे रोजची नवी लागण आता 0.35, बाहेर पडणे मात्र 0.2 च. साथ चढते आहे, पण तिचा जोर ओसरू लागला आहे. पहिल्या कप्प्यात बरोबर चार हजार उरतात तेव्हा 0.5 गुणिले 0.4 म्हणजे 0.2. येणारे आणि जाणारे सारखे झाले. हेच शिखर. रोग दुबळा झालेला नाही, हवा बदललेली नाही, लोकांनी काही वेगळे केलेले नाही. आजाऱ्याला फक्त पुरेशी नवी माणसे भेटेनाशी झाली आहेत.

हिशेब दिवसाऐवजी तासातासाच्या टप्प्यांनी केला, तर या गावाचे शिखर चोविसाव्या दिवसाच्या सुमारास येते आणि त्या वेळी जवळपास 2,340 माणसे एकाच वेळी आजारी असतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शिखर म्हणजे साथ संपली असे नाही. शिखराच्या दिवशी पहिल्या कप्प्यात चार हजार माणसे आहेत आणि समोर हजारो आजारी. प्रत्येक आजारी आता एकाहून कमी माणसाला रोग देणार, पण देणारच. साथ पूर्ण विझते तेव्हा पहिल्या कप्प्यात अकराशेच्या आतच माणसे उरलेली असतात. म्हणजे शिखर ओलांडल्यानंतर आणखी सुमारे 2,900 जणांना लागण झाली.

बीटाला गॅमाने भागले की मिळते ते आर-शून्य. अख्खे गाव पहिल्या कप्प्यात असताना एक आजारी आपल्या संपूर्ण आजारपणात किती जणांना रोग देईल, तो हा आकडा. आपल्या गावात तो 2.5. शिखर यायचे तर पहिल्या कप्प्यात वस्तीच्या 1 भागिले 2.5, म्हणजे चाळीस टक्के माणसे उरावी लागतात. त्या चार हजारांचा उगम हाच. शिखराच्या उंचीचे सूत्रही याच एका आकड्यावर चालते. सुरुवातीला जवळपास सगळेच पहिल्या कप्प्यात असतील तर:

```
I_max / N = 1 − (1 + ln R0) / R0
```

या सूत्रात बीटा आणि गॅमा वेगवेगळे कुठेच दिसत नाहीत, दिसते ते फक्त त्यांचे गुणोत्तर. याचा अर्थ नीट पटावा म्हणून त्याच गावात दर बदलून पाहू.

लोकांनी एकमेकांना भेटणे कमी केले आणि बीटा 0.5 वरून 0.3 वर आला असे समजा. आजार पाच दिवसांचाच. आर-शून्य आता 1.5. संपर्क चाळीस टक्क्यांनी घटला, पण शिखर 2,340 वरून सुमारे 640 वर येते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. शिखराचा दिवसही चोविसाव्यावरून सत्तावन्नाव्याच्या आसपास सरकतो. गावातल्या दवाखान्यात आठशे खाटा असतील तर पहिल्या साथीत दीड हजारांवर माणसे खाटेविना राहतात, दुसरीत प्रत्येकाला खाट मिळते. एकूण लागण मात्र याच प्रमाणात घटत नाही. पहिल्या साथीत सुमारे 8,900 जणांना रोग झाला, दुसरीत 5,800 च्या आसपास. शिखर चौथाईवर आले, एकूण लागण दोन तृतीयांशच्या आसपास राहिली. संपर्क कमी करण्याचा मोठा लाभ शिखरावर दिसतो, एकूण संख्येवर त्यापेक्षा बराच कमी. हा फरक लोकांना आधी सांगितला नाही तर ते पुढे निराश होतात.

आता दुसरी वाट घेऊ. बीटा 0.5 च ठेवायचा, पण आजारी लवकर ओळखून वेगळे ठेवायचे, म्हणजे त्यांचा रोग पसरवण्याचा काळ पाचाऐवजी तीन दिवसांचा होईल. आर-शून्य पुन्हा 1.5 आणि शिखराची उंची पुन्हा तीच, सुमारे 640. पण या वेळी शिखर चौतिसाव्या दिवशीच येते. उंची तीच, घड्याळ वेगळे. उलट बीटा आणि गॅमा दोन्ही निम्मे केले, म्हणजे रोग दुप्पट टिकणारा पण निम्म्या वेगाने पसरणारा असला, तर शिखर 2,340 च राहते, फक्त एकोणपन्नासाव्या दिवसाच्या सुमारास येते. कॅलेंडरची पाने दुप्पट लागतात, चित्र बदलत नाही. थोडक्यात, किती खाटा लागतील ते गुणोत्तर सांगते आणि तयारीला किती दिवस आहेत ते प्रत्यक्ष दर सांगतात. रोज किती टक्के वाढ होते आहे एवढेच पाहून शिखराची उंची सांगता येत नाही, कारण त्या टक्केवारीत बीटा आणि गॅमा यांची वजाबाकी असते आणि उंचीला भागाकार हवा असतो.

हे हाताशी ठेवून आता मुंबईकडे परत जाऊ.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्यासमोर एक अडचण होती. तीन कप्प्यांची समीकरणे सोपी दिसतात, पण कुठल्या दिवशी किती आजारी हे थेट सांगणारे सुटसुटीत सूत्र त्यांतून निघत नाही. त्या काळी संगणक नव्हते. म्हणून त्यांनी एक सवलत घेतली: साथ लहान आहे, म्हणजे पहिल्या कप्प्यातल्या माणसांपैकी फार थोड्यांना लागण होते, असे धरले. मग सूत्र हाती येते आणि त्याचा आकार घंटेसारखा, दोन्ही बाजूंनी सारखा असतो. मुंबईसाठी त्यांनी काढलेले सूत्र असे:

```
dz/dt = 890 sech²(0.2t − 3.4)
```

डावीकडे दर आठवड्याचे मृत्यू, उजवीकडे t म्हणजे 17 डिसेंबरपासूनचे आठवडे. प्लेग झालेल्यांपैकी बहुतेक जण मरत, म्हणून तिसऱ्या कप्प्यात जाणारे आणि मृत्यू हे त्यांनी एकच मानले. कंसातली किंमत शून्य होते सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिल 1906 च्या मध्याला, तेव्हा आठवड्याला 890 मृत्यू. हे शिखर. सूत्रातले एकूण मृत्यू 890 च्या दुपटीला 0.2 ने भागून मिळतात: 8,900. सुरुवातीची वाढ आठवड्याला 0.4 या दराने, म्हणजे बाराएक दिवसांत दुप्पट.

रेषा टिंबांतून सफाईने जाते. आपण इथेच थांबलो तर प्रतिकृतीने प्लेग समजावला असेच कुणीही म्हणेल. पण मघाशी आपल्या गावात वापरलेली दोन परिमाणे, आजार किती दिवस टिकतो आणि पहिल्या कप्प्यात किती माणसे होती, ती या सूत्रातून मागून पाहू.

मुंबईची वस्ती त्या वेळी दहा लाखांच्या घरात होती. सगळे मुंबईकर पहिल्या कप्प्यात होते असे धरले तर 8,900 मृत्यू म्हणजे शेकड्याला एकाहूनही कमी. इतकी थोडी माणसे घेऊन साथ विझायची असेल तर आर-शून्य एकाच्या अगदी जवळ, 1.0045 च्या आसपास असायला हवा. सुरुवातीची वाढ मात्र आठवड्याला 0.4 आहे आणि ती वाढ म्हणजे गॅमा गुणिले आर-शून्यातून एक वजा. त्यावरून गॅमा आठवड्याला 90 च्या आसपास निघतो. म्हणजे आजाराचा काळ आठवड्याचा नव्वदावा भाग, दोन तासांहूनही थोडा कमी. प्लेगचा रोगी दोन तासांत तिसऱ्या कप्प्यात जातो असे कुठल्याच डॉक्टरने पाहिलेले नाही.

मग उलट बाजूने जाऊ. रोगी सरासरी आठवडाभरात बाहेर पडतो असे धरले, जे वास्तवाला बरेच जवळ आहे, तर आर-शून्य 1.4 येतो. अशा साथीत पहिल्या कप्प्यातल्या निम्म्या माणसांना लागण होते. एकूण 8,900 म्हणजे निम्मे, तर पहिल्या कप्प्यात साडेसतरा हजारच माणसे होती असे मानावे लागते. बाकीच्या जवळपास दहा लाख मुंबईकरांना प्लेग होऊच शकत नव्हता, असे म्हणायला कुठलाच आधार नाही. शिवाय निम्म्यांना लागण झाली तर ‘साथ लहान आहे’ ही सुरुवातीची सवलतच कोसळते. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी 2012 मध्ये याच आलेखाची फेरतपासणी करून त्यातली परिमाणे वास्तवाला धरून नाहीत हे दाखवले. रेषा जुळते आणि तिचा अर्थ जुळत नाही.

गोम उंदरांत आहे. 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईतला हा प्लेग पहिल्यांदा ओळखला, तेव्हा तो पसरतो कसा याविषयी मतमतांतरे होती. ज्या मोसमातला हा आलेख आहे, त्याच सुमारास मुंबईत काम करणाऱ्या प्लेग कमिशनने उत्तर पक्के केले. आधी उंदीर पडतात. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होतात आणि माणसाला चावतात. उंदरांमधली साथ पुढे आणि माणसांमधली तिच्यामागून काही दिवसांनी. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा जातच नाही. म्हणजे आपल्या दोन ओळींतली पहिली ओळ, आजारी माणूस निरोगी माणसाला भेटतो आणि रोग देतो, ही मुंबईला लागूच पडत नव्हती. शिवाय पिसवांची संख्या ऋतूवर हलते. हिवाळ्याच्या शेवटी ती भरभरून असते, उन्हाळा चढला की घटते. एप्रिलनंतर मृत्यू कमी होण्यात ‘नवी माणसे भेटेनाशी झाली’ याचा वाटा किती आणि हवामानाचा किती, हे त्या घंटेच्या आकारावरून कळत नाही. दोन्ही कारणे तोच आकार काढतात.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होते, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी. आलेखाखालीच त्यांनी स्वतःची गृहीतके मांडली आहेत. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब मानले आहे, बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागणीची सारखीच शक्यता धरली आहे, दर मोसमभर स्थिर धरले आहेत, आणि पिसवा इतक्या असंख्य मानल्या आहेत की उंदराकडून उंदराला थेट स्पर्शानेच लागण होते असे समजता यावे. यांतले एकही गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, म्हणून हे सूत्र अगदी ढोबळ समजावे, असे त्यांनीच म्हटले आहे. पुढे आलेख पुस्तकापुस्तकांतून फिरला आणि त्याखालचा हा मजकूर मागे पडला. तीच गत मूळ सिद्धान्ताची. त्यांच्या लेखात लागण होऊन किती दिवस झाले त्याप्रमाणे बदलणारे दरही आहेत. स्थिर बीटा आणि गॅमा हा त्यातला सगळ्यात साधा प्रकार, आणि तोच सर्वांच्या लक्षात राहिला.

जुळणाऱ्या रेषेवर विश्वास ठेवण्याआधी काय पाहावे, ते या एका उदाहरणात सापडते. रेषेतून निघणारे प्रत्येक परिमाण सुटे काढायचे आणि ते दवाखान्यात, जनगणनेत किंवा प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मोजलेल्या आकड्याशेजारी ठेवायचे. आजाराचा काळ दोन तास निघाला तर रेषा कितीही सुंदर असली तरी ती बाजूला ठेवायची. दुसरी खूण आकाराची. आपल्या गावातली 2.5 ची साथ सव्वादोन-अडीच दिवसांत दुप्पट होत चढली, पण उतरताना निम्मी व्हायला तिला साडेचार-पाच दिवस लागतात, कारण चढ बीटा आणि गॅमा मिळून ठरवतात, उताराला मात्र गॅमाहून अधिक वेग येऊच शकत नाही. माणसाकडून माणसाला वेगाने पसरणाऱ्या रोगाचा उतार चढाइतकाच तीव्र दिसला, तर कप्पे रिकामे होण्यापलीकडचे काहीतरी घडले आहे: लोकांनी वागणे बदलले असेल, ऋतू पालटला असेल किंवा नोंदी ठेवणारेच थकले असतील.

आणि तिसरी खूण त्या आलेखाच्या उजव्या टोकाला आहे, जिथे तो 21 जुलै 1906 ला संपतो. तीन कप्प्यांच्या प्रतिकृतीत नवे जन्म नाहीत, नवे उंदीर नाहीत, ऋतू नाही. एकदा शिखर ओलांडले की पहिला कप्पा कधीच पुन्हा भरत नाही आणि साथ परत येऊ शकत नाही. मुंबईत पुढचा हिवाळा आला, गोदामांत उंदरांची नवी पिल्ले वाढली, आणि मांडवीपासून परळपर्यंत पुन्हा उंदीर पडू लागले.